नावाची मोकळी जागा

आक्काने कागद एकदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि कागदाची घडी करून तो चहाच्या कपाखाली ठेवला. चहा तसाही तिला आवडलेला नव्हता. भावजयीच्या हातचा चहा तिला तीस वर्षांत कधी आवडलेला नव्हता, आणि भावजयीनेही तो आवडावा म्हणून कधी जास्तीची साखर घातली नव्हती.

"काय झालं?" लीलाने विचारलं.

"हे कुणी लिवलंय?"

"मोबाईलवर आलंय. चांगलंच हाय की."

आक्काने कागद पुन्हा उघडला आणि मोठ्याने वाचलं. "'मोबाईलमध्ये असतं चार्जिंग आणि नेटवर्क असतं फुल, संयोगिता म्हणजे माझ्या आयुष्याच्या बागेतलं सुंदर गुलाबाचं फूल.' अगं, हा उखाणा हाय का एसटीतली सूचना? म्हणता म्हणता नवरदेवाचा श्वास जाईल."

कळंब्याच्या त्या नव्या बंगल्यात लग्नाला आठ दिवस उरले होते. लीलाचा एकुलता एक मुलगा पृथ्वीराज, शिरोलीच्या कारखान्यात इंजिनिअर. मुलगी जयसिंगपूरची, जनावरांची डॉक्टर, नाव तेजस्वी. आक्का म्हणजे पृथ्वीराजची सख्खी आत्या. राहायला पेठ वडगावला, वय चौसष्ट. पंचक्रोशीत कुठेही लग्न निघालं की हळदीच्या आधी तिच्याकडे माणूस यायचा. दारातला उखाणा, घास भरवायचा, रुखवताचा, डोहाळजेवणाचा, सगळे ती बसल्या बैठकीला जुळवून द्यायची. एकाला दिलेला दुसऱ्याला कधी दिला नाही, हा तिचा तोरा होता आणि तो तिने मनापासून मिरवला.

पण आज तिला अडलं होतं ते चार्जिंगमुळे नव्हतं.

"लीला, पोरीचं नाव तेजस्वी हाय न्हवं? मग ही संयोगिता कोण?"

"तीच. नाव बदलणार हाय आमी." लीलाने पदर सावरला. "पृथ्वीराज आणि संयोगिता. जोडी कशी शोभती बघा. गेटवर तसंच लिवायला टाकलंय, फुलांत. दारात पृथ्वीराज तेच नाव घेणार, मग आत तांदळाच्या ताटात अंगठीनं तेच लिवणार. सगळ्यास्नी सांगून झालंय."

"पोरीला सांगितलंय का?"

"तिला काय इचारायचं? माझं न्हाय बदललं? बारशाला विठा ठेवलं हुतं माझं. तुमच्या आईनं लीला केलं. मी मेले काय?"

आक्काचंही नाव असंच बदललेलं होतं. तिचं स्वतःचं नाव झुंबर. लग्नात सासरच्यांना ते खेडवळ वाटलं. उंबरठ्यावर आकारामने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, सुलोचना नावाचा उखाणा घेतला तेव्हा अठरा वर्षांच्या झुंबरने खरोखर मागे वळून पाहिलं होतं, ही सुलोचना कोण आली म्हणून. बायका हसल्या. पुढे सासरी ती सुलोचना झाली, माहेरी सगळ्यांची आक्का. झुंबर म्हणणारी एक आईच उरली होती, तीही जाऊन चौदा वर्षं झाली. या गोष्टीचा तिला राग होता. इतक्या वर्षांनी तो निवला असेल असं कुणाला वाटलं असतं, तर ते चूक होतं.

"मी न्हाय लिवणार," ती म्हणाली.

"नका लिवू. मोबाईलवर ढीग पडलाय." लीला उठली. "न्हायतरी तुमच्या उखाण्यांवाचून कुणाचं लगीन राहिलं न्हाय."

आक्काला हे लागलं. तिने चहाचा कप बाजूला सारला.

"लिवते," ती म्हणाली. "पण चार्जिंग न्हाय चालायचं."

"आणि एक. नावाची जागा मोकळी सोडायची. नाव मी माझ्या हातानं घालणार. तुमचा मला भरवसा न्हाय."

आक्काने मान हलवली. मोकळी जागा! छापील पुस्तकांतल्या टिंबटिंबांनी लोकांची अशीच समजूत करून दिली आहे, की उखाण्यात एक भोक असतं आणि त्यात कुणाचंही नाव कोंबलं की भागतं. आक्काचा हिशेब उलटा होता. ती आधी नाव घ्यायची. त्याची अक्षरं मोजायची, ते म्हणताना जोर कुठे पडतो ते ऐकायची, ते ओळीत कुठे बसेल ते ठरवायची, आणि मग बाकीचे शब्द त्याच्याभोवती रचायची.

त्याच संध्याकाळी वडगावला तिचा फोन वाजला.

"नमस्कार. मी तेजस्वी बोलते. अजून तरी."

"बोल की, बाळ."

"बाळ नका म्हणू. माझं नाव पुसायचं काव्य तुम्हीच लिहिताय म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"पृथ्वीराजनं. आईशी बोलतो म्हणून महिना झाला, बोलला नाही. आता म्हणतो आत्या लिहितेय तर घ्यावंच लागेल. तुम्हाला काय मिळतं हो यातनं? माझ्या पदवीवर तेजस्वी आहे, माझ्या शिक्क्यावर तेजस्वी आहे, दहा गावचे शेतकरी रात्री-अपरात्री म्हैस अडली की तेजस्वी मॅडमना फोन करतात. मी दारातनं परत जाईन. खोटं नाही सांगत."

आक्काला एकदम संताप आला. पोरीचा नव्हे, पृथ्वीराजचा. दाढी-मिशा फुटलेला बाप्या, आणि आत्याच्या पदराआड लपतो.

"ओरडून झालं?" तिने विचारलं. "आता ऐक. तुला उखाणा येतो का?"

"नाही. आणि मला नकोय."

"नको कसा? दारात तुलाबी घ्यायचाय. आयता मी देणार न्हाय, तुझा तू जुळव. हात पुढं कर. चार बोटं, एका बोटाला दोन अक्षरं, झाली आठ. आठ म्हणायची, थांबायचं. परत आठ, थांबायचं. असं चारदा. जोडाक्षर एकच धरायचं, पाय मोडलेलं अर्धं अक्षर धरायचं न्हाय. पहिल्या ओळीत डोळ्याला दिसंल असं कायतरी सांगायचं, गाय, तळं, ताट, काहीबी. दुसऱ्या ओळीत नाव. आणि शेवटचं यमक नुसतं एका अक्षराचं नको, मागचा सूरबी जुळला पायजे. नाव कुठं बसवायचं ते आधी ठरव."

मग तेजस्वीने विचारलं, "आणि त्याचं? तो काय म्हणणार?"

"मी जागा करून देईन. तो बोलंल का न्हाय ते मला म्हायत न्हाय. एकच सांगते. दार मी अडवणार हाय. पृथ्वीराजला बहीण न्हाय, तवा तो मान माझा. मी हात काढल्याशिवाय पाऊल आत टाकू नको."

"टाकणार नव्हतेच," पोरगी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. ठेवते म्हणून सांगायचीही पद्धत नाही, असं आक्का पुटपुटली, पण तिला पोरगी आवडली.

मग ती दोन दिवस बोटं मोजत होती. तेजस्वी तीन अक्षरं, संयोगिता चार. नुसत्या एका अक्षराच्या फरकावर भागणार नव्हतं, कारण जास्तीचं एक अक्षर कुणीही गिळून टाकतं, बायका रोज गिळतात. 'तेजस्वीचं नाव घेतो' म्हणा की 'संयोगिताचं नाव घेतो' म्हणा, ठेका थोडा लंगडतो आणि पुढे जातो. नाव यमकावर बसवायला हवं होतं. पण ओळीच्या अगदी शेवटी बसवलं तर लीलालाही कळलं असतं, ती काही आंधळी नव्हती. शेवटी आक्काने ते दुसऱ्या ओळीच्या मध्यावर बसवलं, जिथे वाचताना डोळा थांबत नाही पण म्हणताना जीभ थांबते. आणि पहिल्या ओळीच्या मध्यावर त्याला जोडीदार दिला.

चौथ्या दिवशी तिने लीलाच्या हातात कागद ठेवला.

*डोंगरावरी तपस्वी, गुलाल त्याच्या कपाळी,*
*दारात उभी ………, झाली घरात दिवाळी.*

लीलाने तो मनातल्या मनात वाचला. कपाळी, दिवाळी. डोंगर म्हणजे जोतिबा, गुलाल, घरात दिवाळी, नाव ठेवायला काही नव्हतं. तिने पेन घेतलं आणि टिंबांवर 'संयोगिता' लिहिलं. जागा थोडी अपुरी पडली, तिने अक्षरं बारीक काढली.

"एवढ्याला चार दिवस लागले?" ती म्हणाली.

लग्नाच्या दिवशी सकाळी कार्यालयात रुखवत मांडलं तेव्हा लीलाचा तोरा काही औरच होता. जयसिंगपूरकरांची वल्लरी मावशी ताटावरचा रुमाल काढायला पुढे आली. बिचारी शिक्षिका, घामाने निथळत होती. तिने सुरुवात केली, "चांदीच्या ताटात पेढे, आणले आम्ही मोजून," इथवर झकास, आणि मग घाबरून सगळं ओतून दिलं, "सयाजीरावांचं नाव घेते सगळ्या पाहुण्यारावळ्यांना मनापासून पुजून."

"पडला!" लीला ओरडली. "पडला, पडला! पावणं, आमच्यात पडलेला उखाणा चालत न्हाय. परत घ्या."

वरपक्षाच्या बायका फिदीफिदी हसल्या. रुखवताला दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींची खेचायची, ही रीतच आहे, पण खेचणं वेगळं आणि माणूस रडेपर्यंत पिळणं वेगळं. मावशीने दुसऱ्यांदा घेतला, तोही अडखळला. लीलाने तिला तिसऱ्यांदा घ्यायला लावला. मावशीचे डोळे भरले. शालूत बसलेली तेजस्वी ते सगळं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरची शीरसुद्धा हलत नव्हती.

"पडलेला चालत न्हाय का आपल्यात?" आक्काने शेजारून लीलाला विचारलं.

"न्हाय म्हंजे न्हाय! घराण्याची रीत हाय."

"बरं झालं सांगितलंस. माझ्या ध्यानात ऱ्हाईल," आक्का म्हणाली.

तिसऱ्या प्रहरी वरात कळंब्याला आली. गेटवर झेंडूत 'पृथ्वीराज वेड्स संयोगिता' असं लिहिलेलं होतं. ते वाचून तेजस्वी गाडीतून उतरायचीच थांबली, आणि पृथ्वीराज आपल्या बुटांकडे बघत राहिला. शेवटी ती उतरली. पाठराखीण म्हणून वल्लरी मावशी तिच्या मागे होती. उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं होतं. आत देव्हाऱ्यापुढे ताटात तांदूळ पसरलेले, त्यावर सोन्याची अंगठी. आक्का चौकटीत उभी राहिली आणि तिने हात आडवा लावला. लीला तिच्या मागे आत होती. अंगणात ऐंशी-नव्वद माणूस, बहुतेक बायका, आणि सगळ्यांच्या हातात मोबाईल.

"नाव घेतल्याबिगर आत न्हाय," आक्का म्हणाली. "आदी नवरदेव."

पृथ्वीराजने घसा साफ केला. आक्काने दुसऱ्या हाताने चौकटीवर ठेका धरला. अंगणातल्या बायकांना ठेका नवा नव्हता, त्यांनी टाळ्या धरल्या.

"डोंगरावरी तपस्वी," तो म्हणाला. टाळी पडली.

"गुलाल त्याच्या कपाळी." टाळी पडली.

"दारात उभी संयोगिता..."

टाळी त्याच्या 'गि'वर पडली आणि 'ता' मागे लोंबत राहिला. चालता चालता पायरी संपली आहे हे कळू नये, तसं सगळ्या अंगणाला झालं. कुणीतरी हसलं.

"पडला," आक्का म्हणाली.

"कुठं पडला?" मागून लीला. "झाली घरात दिवाळी! झालं की यमक! सोडा त्यास्नी आत."

"पडलेला चालत न्हाय, घराण्याची रीत हाय," आक्काने मागे न बघता सांगितलं. "सकाळी पाव्हण्यांच्या बाईला तीनदा घ्यायला लावला. परत घे, पृथ्वीराज."

त्याने परत घेतला. या वेळी त्याने संयोगिता भराभर म्हणून बघितलं. 'संयोग्ता' असं काहीतरी निघालं. अक्षर गिळलं गेलं, पण 'तपस्वी' हवेतच राहिला, त्याला जोडीदार मिळाला नाही. आता बायका मोकळेपणी हसत होत्या. त्यांना कान होते. उभा जन्म त्यांनी दळताना, कांडताना, लग्नांत हेच ऐकलेलं होतं, आणि तपस्वीला पुढे काय यायला पाहिजे हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"अरं, तेजस्वी म्हण की!" गर्दीतून एक म्हातारी ओरडली. "शेणाच्या गोवऱ्यागत काय थापायला लागलायस! पोरीचं नाव तेजस्वी न्हवं का?"

"तेजस्वी! तेजस्वी!" दुसरीकडून आवाज आला. मग सगळं अंगणच ओरडायला लागलं.

लीला चौकटीशी आली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "आक्का, हात काढा."

"न्हाय काढत."

"पृथ्वीराज, आत ये. उखाणा गेला खड्ड्यात."

पृथ्वीराजने एक पाय उचलला. आक्काने जागा केली होती, नेमकी, तीन अक्षरांची, पण त्या जागेत उतरायचं काम त्याचं होतं. तो मापावरून उडी मारून आत गेला असता, तर तिच्या सगळ्या अक्षरांची किंमत शून्य होती. आणि तिला दिसत होतं की तो जाणार.

तेजस्वी जागची हलली नाही. तिने त्याच्याकडे बघितलं फक्त. विनवणी नव्हती त्यात. एखादं जनावर उठतंय का बसतंय हे डॉक्टर बघतो, तसं तिने बघितलं, आणि मग शेल्याची गाठ सोडवायला हात घातला.

पृथ्वीराजने पाय खाली ठेवला, होता तिथेच.

"डोंगरावरी तपस्वी," तो म्हणाला. टाळ्या सुरू झाल्या. "गुलाल त्याच्या कपाळी."

तो थांबला. आईकडे बघितलं.

"दारात उभी तेजस्वी," तो म्हणाला, "झाली घरात दिवाळी."

टाळी बरोबर 'स्वी'वर पडली आणि अंगणात असा कल्ला झाला की शेजारच्यांची कुत्री भुंकायला लागली. आक्काचे डोळे भरून आले होते. ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती खेकसली, "आता नवरी! का तुझं तोंड शिवलंय?"

तेजस्वीने गाठीवरचा हात काढला. शेल्याखाली तिची बोटं एकेक करून मिटताना फक्त आक्कालाच दिसली.

"गोठ्यात हंबरे गाय, दुधावर आली साय,
पृथ्वीराज बोलले की, आत टाकते मी पाय!"

तो 'की' ऐकून बायका लोळायच्या बाकी राहिल्या. वल्लरी मावशी सगळ्यांत मोठ्याने ओरडली, "न्हाय पडला!" आक्काने हात काढला. तेजस्वीने माप असं लवंडलं की तांदूळ लीलाच्या पायापर्यंत गेले.

आत पृथ्वीराजने अंगठी हातात घेतली आणि ताटातल्या तांदळात तीन अक्षरं काढली. लीला तिथे थांबली नाही. ती मागच्या सोप्यात गेली आणि जाताना तिने आक्काच्या दंडाला धरून तिलाही ओढत नेलं. तिथे मसालेभाताची पातेली होती आणि दुसरं कुणी नव्हतं.

"मुद्दाम केलंत!" लीला ओरडली. "मोकळी जागा सोडा म्हटलं, तर जागेतच खोट काढून ठेवलीत. माझ्याच दारात, माझ्याच पोराच्या तोंडनं! सगळ्यांच्या मोबाईलवर गेलं असंल आता. मी नाव सोडलं तवा कोण आलं हुतं दार अडवायला? कोण हुतं माझ्याकडनं? तुमीच हुता न्हवं का उंबऱ्यात? तुमीच लीला नावाचा उखाणा जुळवून दिलासा तुमच्या भावाला!"

हे खरं होतं. आक्का ते विसरली होती. चौतिशीची होती ती तेव्हा, आईने नाव सांगितलं आणि तिने दोन ओळी जुळवल्या, चांगल्या जुळवल्या, लीलाला शीला की सुशीला असं काहीतरी यमक. भावाने, पिराजीने, तो झोकात घेतला होता. आणि उंबरठ्याबाहेरच्या त्या पोरीने मागे वळून पाहिलं होतं का, हे आक्काने तेव्हा बघितलंच नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली. "मीच."

"मग आज कुठनं एवढा पुळका आला? परक्या पोरीचा?" लीलाने भाताचा डाव घेऊन पातेल्यावर आपटला. तिचा आवाज फुटला, तुम्हीचं तू झालं. "कवाच माझी झाली न्हाईस तू. सासू मरंपर्यंत तुझंच नाव घेत ऱ्हायली, माझ्या झुंबरला हे आवडतं, माझ्या झुंबरला ते आवडतं. जा, नीघ माझ्या घरातनं! नीघ, झुंबरे!"

आक्का जिथे होती तिथेच उभी राहिली. चौदा वर्षं झाली होती. तिला वाटलं होतं आता हे नाव जगात कुणाच्याच तोंडात उरलेलं नाही, आणि ते इथे, या बाईच्या तोंडात, शिवी म्हणून का होईना, धडधाकट होतं.

"काय गं विठे?" ती म्हणाली.

लीलाच्या तोंडात पुढची शिवी तयार होती. ती तिथेच अडली. बाहेर बायका सुनेला आणखी एक उखाणा घ्यायला लावत होत्या आणि सून नाही म्हणत होती.

"काय म्हणालीस?" लीलाने विचारलं.

"विठा म्हणाले. विठे."

लीलाने डाव उचलला, पुसला आणि पातेल्याचं झाकण काढलं. खूप वेळ ती भात वर-खाली करत राहिली. मग तिने एक ताट घेऊन त्यात भात वाढला आणि ते आक्काच्या पुढ्यात आदळलं.

"जेवून जा," ती म्हणाली. "आणि परत या घरात तोंड दाखवू नको, झुंबरे."